लहान आकड्याला आधी वाट

जुन्या एसटीतली घंटीची दोरी आठवते का? ड्रायव्हरच्या डोक्याजवळच्या घंटीपासून निघून ती छताखालून पार मागच्या दारापर्यंत गेलेली असे. समजा, ती दोरी चार जणांनी चार ठिकाणी हातात धरली आहे. एकानेही ओढली की ती सगळ्यांच्याच हातात ताठ होते. ती सैल राहावी असं वाटत असेल तर चौघांनीही सोडून द्यायला हवी. यात एक गंमत आहे. तुम्ही दोरी सैल सोडलीत आणि तरी ती ताठ लागली, तर दुसरं कोणी ओढतंय हे तुम्हाला लगेच कळतं. पण तुम्ही स्वतःच ओढत असाल, तर आणखी कोणी ओढतंय की नाही हे तुम्हाला मुळीच कळत नाही.

गाड्यांतल्या कॅन बसचं सगळं मर्म या दोरीत आहे. ही बस म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, कॅन-हाय आणि कॅन-लो. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, डॅशबोर्ड यांचे छोटे संगणक त्यांनाच जोडलेले असतात. बॉश कंपनीने 1983 मध्ये यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी 1986 मध्ये डेट्रॉइटला वाहन अभियंत्यांच्या परिषदेत ते मांडलं. या बसवर कोणी मालक नाही, पाळ्या लावून देणारा मुकादम नाही. तार मोकळी दिसली की ज्याला बोलायचं आहे त्याने बोलायला सुरुवात करायची. मग दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडलं तर काय होतं?

आधी दोरीचं ओढणं-सोडणं विजेच्या भाषेत बघू. कोणीच काही करत नसताना दोन्ही तारा साधारण 2.5 व्होल्टवर असतात, म्हणजे त्यांच्यात फरक जवळपास शून्य. ही सैल दोरी. या स्थितीला रिसेसिव्ह म्हणतात आणि तिचा अर्थ 1. एखाद्या छोट्या संगणकाने, म्हणजे कार्डाने, ट्रान्झिस्टर चालू करून कॅन-हाय 3.5 व्होल्टकडे वर ढकलली आणि कॅन-लो 1.5 व्होल्टकडे खाली ओढली, की दोरी ताठ झाली. ही स्थिती डॉमिनंट, आणि तिचा अर्थ 0. डॉमिनंट स्थिती कोणीतरी जोर लावून आणावी लागते. रिसेसिव्ह मात्र जोर काढला की आपोआप येते, कारण तारेच्या दोन्ही टोकांना बसवलेले 120 ओहमचे रेझिस्टर दोन्ही तारांना पुन्हा एका पातळीवर आणतात. (वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. 60 ओहमच्या आसपास आकडा आला तर दोन्ही टोकांचे रेझिस्टर जागेवर आहेत. 120 आला तर एक गायब आहे.) म्हणून एकाने 0 आणि दुसऱ्याने 1 एकाच वेळी तारेवर घातले तर तारेवर 0 च दिसतो.

आता तारेवरून जाणारा निरोप, म्हणजे फ्रेम. ती बिट-बिट करून जाते. पहिला बिट नेहमी डॉमिनंट. तार शांत असताना आलेला हा उतार म्हणजे ‘सुरुवात झाली’ अशी हाक असते आणि तिच्यावर सगळी कार्डं आपापली घड्याळं जुळवून घेतात. त्याच्या पाठोपाठ 11 बिटांचा आयडेंटिफायर येतो, सर्वांत मोठ्या किमतीचा बिट आधी. त्यानंतर येतो आरटीआर हा बिट, म्हणजे ही माहिती आहे की माहितीची मागणी. पुढे आयडेंटिफायर छोटा की लांब ते सांगणारा एक बिट, एक राखीव बिट आणि माहिती किती बाइट आहे ते सांगणारे 4 बिट. मग 0 ते 8 बाइट प्रत्यक्ष माहिती आणि 15 बिटांची तपासणी-बेरीज. शेवटी एक विभाजक, पोच देण्याची एक जागा, आणखी एक विभाजक आणि सात रिसेसिव्ह बिटांची समाप्ती. यानंतर तीन बिट शांतता पाळायची आणि मग पुढच्या फ्रेमला वाट मोकळी.

या रांगेत आयडेंटिफायर अगदी पुढे का ठेवला असेल? पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून नव्हे. कॅनच्या मूळ फ्रेममध्ये पत्ता नावाची गोष्टच नाही, ‘कोणाकडून’ही नाही आणि ‘कोणाला’ही नाही. आयडेंटिफायर सांगतो तो विषय: चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन, इंजिनाचं तापमान. ऐकणारी कार्डं आपल्या कामाचा आकडा दिसला तर फ्रेम उचलतात, नाहीतर सोडून देतात. आणि हाच आकडा आधी कोणी जायचं तेही ठरवतो, म्हणून तो पुढे.

आता दोघांऐवजी तिघांना एकदम बोलायला लावू. माझ्या टेबलावर तीन कार्डं आहेत. चाकांचा वेग पाठवणाऱ्याला मी 0x120 आकडा दिला आहे, स्टिअरिंगच्या कोनाला 0x128 आणि केबिनच्या तापमानाला 0x1A0. हे आकडे माझे. गाडीत कोणता आकडा कशाचा, हे ती बनवणारी कंपनी ठरवते. तिघांकडेही निरोप तयार आहे, पण तारेवर दुसऱ्याच कोणाची फ्रेम चालू असल्यामुळे तिघं खोळंबले आहेत. ती फ्रेम संपते, शांततेचे तीन बिट जातात आणि तिघंही एकाच क्षणी सुरुवातीचा बिट घालतात. पुढे तारेवर हे घडतं:

```
0x120   0 0 1 0 0 1 0 0 0 0 0
0x128   0 0 1 0 0 1 0 1
0x1A0   0 0 1 1
BUS     0 0 1 0 0 1 0 0 0 0 0
```

प्रत्येक कार्ड बिट घालतं आणि त्याच बिटाच्या वेळात तार वाचूनही बघतं. पहिले तीन बिट तिघांचे सारखेच आहेत, 0, 0, 1. त्यामुळे प्रत्येकाला आपण घातलं तेच तारेवर दिसतं आणि कोणालाच शंका येत नाही. चौथ्या बिटाला तापमानवालं कार्ड 1 घालतं, म्हणजे दोरी सोडतं. बाकीचे दोघं ओढतात. तापमानवाल्याला दोरी ताठ लागते. आपण 1 घातला आणि दिसतोय 0, याचा अर्थ स्पर्धेत आपल्यापेक्षा वरचढ कोणीतरी आहे. ते तिथेच, त्याच बिटाला थांबतं आणि ऐकणाऱ्यांत जाऊन बसतं. पाचवा, सहावा आणि सातवा बिट उरलेल्या दोघांचे पुन्हा सारखे. आठव्याला स्टिअरिंगवालं 1 घालतं, त्याला 0 दिसतो आणि तेही गप्प होतं. पुढचे बिट चाकांच्या वेगाचं कार्ड एकटंच घालत जातं.

लहानच आकडा का जिंकतो, त्याचं उत्तर याच तक्त्यात आहे. सारख्या लांबीचे दोन आकडे कागदावर आले तर त्यांतला लहान कोणता हे आपण कसं ठरवतो? डावीकडून एकेक अंक ताडत जातो. पहिला फरक जिथे दिसेल तिथे ज्याचा अंक लहान, तो आकडा लहान. उजवीकडे पुढे काहीही असलं तरी फरक पडत नाही. द्विमान पद्धतीत अंक दोनच, तेव्हा पहिल्या फरकाच्या जागी एकाकडे 0 आणि दुसऱ्याकडे 1 असणारच, आणि 0 वाला लहान ठरणार. तारेवर 0 हा 1 ला झाकून टाकतो, म्हणजे 0 वाला टिकतो आणि 1 वाला माघार घेतो. तुलनेचं गणित कोणतंही कार्ड करत नाही. ते तारच करून टाकते, आणि तेसुद्धा निरोप जाता जाता.

यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. मोठ्या किमतीचा बिट आधी जायला हवा. उलट क्रमाने पाठवले असते तर जिंकणारा आकडा लहानच असेल याची खात्री राहिली नसती. आकड्यांची लांबी सारखी हवी. आणि ताठ दोरीला 0 म्हणायचं हे ठरलेलं हवं. शेवटची गोष्ट निव्वळ निवडीची आहे. ताठ दोरीला 1 म्हटलं असतं तर सगळं असंच चाललं असतं, फक्त सर्वांत मोठा आकडा जिंकला असता. लहान आकड्यात स्वतःची अशी काही थोरवी नाही.

या लढतीत वेळ वाया जात नाही. सुरुवातीच्या काळातल्या, एकाच केबलवर चालणाऱ्या इथरनेटमध्ये दोघं एकदम बोलले तर दोघांचेही निरोप बिघडत. मग दोघं थांबत आणि थोड्या वेळाने पुन्हा नशीब अजमावत. इथे हरणारा मधूनच गळतो, पण जिंकणाऱ्याच्या फ्रेमला ओरखडाही येत नाही. घंटीच्या दोरीसारखंच, दोरी ओढत राहणाऱ्याला आपल्याबरोबर आणखी दोघं होते याचा पत्ताही लागत नाही. ही फ्रेम संपली की स्टिअरिंग आणि तापमान पुन्हा भिडतात आणि चौथ्या बिटाला स्टिअरिंग जिंकतं. मग तापमानाची पाळी येते. बसचा वेग सेकंदाला 5 लाख बिट असेल तर एक बिट 2 मायक्रोसेकंदांचा होतो. 8 बाइटची फ्रेम मागच्या शांततेसकट किमान 111 बिटांची असते, म्हणजे 222 मायक्रोसेकंदांची. तिन्ही फ्रेम एका मिलिसेकंदाच्या आत निघून जातात.

‘किमान’ म्हणालो त्याला कारण आहे. सलग पाच बिट सारखे आले की पाठवणारं कार्ड उलटा एक बिट मधे खुपसतं आणि ऐकणारी कार्डं तो काढून टाकतात. तारेवर फार वेळ काही बदललंच नाही तर घड्याळं जुळलेली राहत नाहीत, म्हणून हा उपद्व्याप. वरच्या 0x120 मध्येच शेवटी पाच शून्यं सलग आली आहेत, तेव्हा त्यांच्यापुढे एक 1 भरला जाईल. सर्वांत वाईट परिस्थितीत असे 24 बिट वाढतात आणि फ्रेम 135 बिटांची होते. या भरीच्या बिटांनी लढतीत गोंधळ होत नाही का, असं मला पूर्वी वाटायचं. होत नाही, कारण त्या क्षणापर्यंत स्पर्धेत टिकलेल्या सगळ्यांनी हुबेहूब तेच बिट घातलेले असतात. म्हणून भरीचा बिटही सगळे एकाच जागी घालतात.

ट्रक आणि ट्रॅक्टरच्या जे-1939 पद्धतीत आयडेंटिफायर 29 बिटांचा असतो, पण खेळ हाच. तिथे सुरुवातीचे तीन बिट सरळ प्राधान्य म्हणूनच राखून ठेवले आहेत. इंजिनाचे फेरे सांगणारी फ्रेम 0x0CF00400 अशी दिसते, तिचे पहिले तीन बिट 011, म्हणजे 3. इंजिनाचं तापमान सांगणारी 0x18FEEE00, तिचे पहिले तीन 110, म्हणजे 6. पहिल्याच बिटाला तापमान बाद होतं. पाणी तापायला वेळ लागतो, फेरे क्षणात बदलतात, तेव्हा हा निवाडा योग्यच म्हणायचा. छोटे आणि लांब आयडेंटिफायर एकाच तारेवर आले तर मात्र पूर्ण आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. लांब आकड्याचे पहिले 11 बिट घ्यायचे आणि तेच छोट्याशी ताडायचे. ते अगदी सारखे निघाले तर छोटा जिंकतो, कारण त्या जागी लांब फ्रेममध्ये मुद्दाम रिसेसिव्ह बिट ठेवलेले असतात.

या सोयीची किंमत तारेच्या लांबीत मोजावी लागते. एका टोकाच्या कार्डाने घातलेला बिट दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो, मीटरला साधारण 5 नॅनोसेकंद. तो पोचण्याच्या जरासं आधी तिकडच्या कार्डाने बोलायला सुरुवात केली, तर त्याचा बिट इकडे यायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणजे ‘मी 1 घातला, पण दिसतोय 0’ हे कळण्यासाठी एका बिटाच्या वेळात जाणं-येणं दोन्ही मावलं पाहिजे. सेकंदाला 10 लाख बिटांच्या वेगात एक बिट 1000 नॅनोसेकंदांचा असतो. 40 मीटर तारेवर जाऊन-येऊन 400 नॅनोसेकंद जातात आणि उरलेल्यातला बराच वेळ दोन्हीकडच्या चिप खातात. म्हणून या वेगाला 40 मीटरच्या आसपासची मर्यादा सांगतात. तीच तार 500 मीटर न्यायची असेल तर वेग सव्वा लाखावर आणावा लागतो. बॉशने 2012 मध्ये आणलेल्या कॅन-एफडीची युक्तीही इथूनच निघाली. लढत चालू आहे तोवर संथ चालायचं. एकदा तारेवर एकटाच उरला की दोन्हीकडचं एकमत होण्याची वाट बघायचं कारण राहत नाही, मग माहिती जोरात पाठवायची.

लहान आकडा घेतला की निरोप ताबडतोब जातो, असं मात्र समजू नये. आधी सुरू झालेली फ्रेम कोणीही मधे तोडू शकत नाही. 0x000 ला सुद्धा चालू फ्रेम संपेपर्यंत थांबावं लागतं, सेकंदाला 5 लाख बिटांच्या वेगात जास्तीत जास्त 270 मायक्रोसेकंद. याहून वाईट खोळंबा कार्डाच्या पोटात होतो. पाठवायच्या फ्रेम कंट्रोलरमध्ये आल्या त्या क्रमाने एका रांगेत लावल्या, तर रांगेत पुढे उभी असलेली 0x600 तारेवर पुन्हा पुन्हा हरत राहते आणि तिच्या मागची 0x100 अडकून पडते. तारेला त्या 0x100 ची खबरच नसते. लॉगमध्ये महत्त्वाचा आकडा उशिरा येतोय आणि तार तर अर्ध्याहून अधिक मोकळी आहे, असं दिसलं की मी आधी ही रांग तपासतो. शिवाय तारेवर शिस्त लावणारा कोणी नसल्यामुळे एखादं बिघडलेलं कार्ड सतत लहान आकडा पाठवत सुटलं, तर बाकीच्यांनी नुसतं हरत बसायचं.

दोन कार्डांना एकच आकडा दिला तर? हे मी स्वतः करून बसलो आहे. तापमान मोजणारी दोन कार्डं होती. दोघांत एकच प्रोग्रॅम चढवला आणि दुसऱ्याचा आकडा बदलायचा राहून गेला. टेबलावर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेली, सगळं सुरळीत. मग एका सेन्सरवर बोट ठेवलं आणि तारेवर एररची रांग लागली. बोट काढलं, थोड्या वेळाने सगळं शांत. तासभर मी सोल्डरिंग तपासत बसलो होतो.

घडत होतं ते असं. दोन्ही कार्डं तिसऱ्याच्या फ्रेममागे खोळंबत आणि एकदम सुरू होत. आकडा सारखा, त्यामुळे आयडेंटिफायरमध्ये कोणीच हरत नसे. दोघांचं तापमानही सारखं असलं की दोन फ्रेम एकमेकींवर हुबेहूब बसत आणि ऐकणाऱ्याला एकच फ्रेम दिसे. बोटाने एक सेन्सर तापला की फरक माहितीच्या भागात येई. पण तिथे ‘1 घातला, 0 दिसला’ याचा अर्थ माघार घे असा होत नाही. आयडेंटिफायरचा भाग ओलांडल्यावर तीच गोष्ट चूक धरली जाते. मग कार्ड सहा डॉमिनंट बिटांचा झेंडा फडकवून फ्रेम मोडून टाकतं. दोघांच्याही चुकांच्या खात्यावर 8 चढतात, दोघं आपोआप पुन्हा पाठवतात आणि पुन्हा धडकतात. अशा 16 धडका झाल्या की खातं 128 वर जातं. यानंतर त्या कार्डाला दुसऱ्याची फ्रेम मोडायची मुभा राहत नाही. खातं 255 च्या पुढे गेलं तर कार्ड बसवरून बाहेरच पडतं.

म्हणून प्रोग्रॅम लिहायच्या आधी आकड्यांची यादी लिहावी. कॅनओपन या औद्योगिक पद्धतीची यादी नमुना म्हणून बघण्यासारखी आहे. सगळ्यांना सुरू किंवा बंद करणारी आज्ञा 0x000 वर, ताल धरायचा निरोप 0x080 वर, नेहमीची मापं 0x180 पासून पुढे, आणि ‘मी जिवंत आहे’ एवढंच सांगणारी हजेरी 0x700 च्या घरात. तुमची यादी करताना ज्या निरोपाला थांबायला सर्वांत कमी वेळ आहे त्याला लहान आकडा द्या, दोन आकड्यांमध्ये जागा सोडा, आणि 0x000 पहिल्याच दिवशी कोणाला देऊन टाकू नका. त्याच्या आधी जाणारा आकडा उरत नाही.